मंद वारा, मंद बाबा

चंडीगडजवळच्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यात तीस वर्षं गोळ्या तपासून विश्वनाथ पेंडसे निवृत्त झाले. चंडीगडमधल्या मराठी मंडळींनी सत्कार केला. इथेच वाढलेली, मराठी जेमतेम येणारी त्यांची मुलगी ओजस्विनी कौतुकाने म्हणाली, "बाबा मंद आहेत, पण हात उतावळे." सगळे हसले. विश्वनाथ गोंधळून खाली बघत राहिले.

घरी तिने आईला विचारलं, "मंद वारा तर छान असतो ना?"

"वारा छान. माणूस मंद म्हणजे बुद्धीने कमी. बाबा शांतपणे काम करतात, हात चपळ आहेत. उतावळ्याला धीर नसतो."

"आणि झटपट?"

"पोहे झटपट झाले तर चांगलंच. पण तपासणी झटपट म्हणजे घाईत उरकलेली..." आई अडखळली.

विश्वनाथ हळूच म्हणाले, "एकदा केली होती मी. तेव्हा साहेबांनी तत्पर म्हणून पाठ थोपटली. मी तत्पर होतो की उतावळा, कोण जाणे."