एकशे सत्तावीसच्या पुढचे पंखे

तिरोड्याच्या वाटेवरच्या त्या राईस मिलमध्ये मी देखभाल इंजिनीअर होते. उकड्या तांदळासाठी नवीन ड्रायर बसवला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याचा कंट्रोलर मालकांच्या दुसऱ्या, बंद पडलेल्या मिलमधून काढून आणला होता. धान वर चढवणाऱ्या चार एलिव्हेटरचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं, आणि चार पंख्यांचे ड्राइव्ह त्याच्या हुकमात चालायचे होते.

एलिव्हेटर चालले. पंख्यांशी मात्र कंट्रोलर बोलेना. ड्राइव्हच्या स्वतःच्या बटणांवर तेच पंखे झकास फिरत होते. माझ्या लॅपटॉपलाही आठही ड्राइव्ह उत्तर देत होते. आम्ही केबल बदलल्या, नेटवर्कचा स्विच बदलला. फरक शून्य.

मॅनेजर म्हणाले, "चारों ड्राइव्ह खराब हैं। पॅक करो, दोपहर की गाडी से नागपूर भेजो।"

आमचे इलेक्ट्रिशियन काका दवनीवाड्याचे. मिलमध्ये माझ्या आधीपासूनचे. खोके आणून ठेवले आणि माझ्या वहीपाशी थबकले. मी सगळ्यांच्या आयपी पत्त्यांचे, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांचे, शेवटचे आकडे तिथे लिहिले होते.

"मॅडम, चालून राहिले ते एकशे एकवीस ते चोवीस. बंद हायेत ते एकशे एकतीस ते चौतीस. मोठे नंबरच काऊन बंद?"

म्हटलं, करून पाहू. एका पंख्याला एकशे पंचवीस नंबर दिला. कंट्रोलरने त्याला लगेच ओळखलं.

मग मी कंट्रोलरची सेटिंग उघडली. आपलं नेटवर्क कुठवर आहे हे ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१२८. बाकी सगळ्यांचा शेवट शून्याने. जुन्या मिलमध्ये नेटवर्कचे दोन भाग केले होते, तोच मास्क इथे आला होता. कंट्रोलरचा नंबर अकरा, म्हणून त्याच्या लेखी आपलं नेटवर्क एकशे सत्तावीसला संपत होतं. पुढचे सगळे परके, आणि परक्यांकडे निरोप नेणारा गेटवे आमच्याकडे नव्हताच. लॅपटॉपचा मास्क बरोबर असल्याने त्याला सगळे दिसत होते.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे त्यानं वावराच्या मधात बांध, धुरा टाकला. पलीकडची धानाची बांधी त्याले आपली वाटूनच नाही राहिली."

लाइन थांबवून मास्क बदलला, पंख्याला त्याचा जुना नंबर परत दिला. चारही पंखे घुमू लागले आणि मला हसू आवरेना. मॅनेजर आले, पंख्यांकडे पाहिलं, मग खोक्यांकडे. "तो गाडी कॅन्सल," एवढंच बोलून गेले.

त्याच दुपारी आम्ही वाटणी केली. दहा ते एकोणीस कंट्रोलर, वीस ते एकोणचाळीस स्क्रीनचे पॅनल, पन्नास ते एकोणसाठ लॅपटॉप, एकशे एकवीसपासून पुढे ड्राइव्ह. मास्क सगळ्यांना एकच. काकांनी तो तक्ता कंट्रोलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पुढे तांदूळ निवडणारं मशीन बसवायला पाहुणा इंजिनीअर आला आणि परस्पर एक नंबर टाकू लागला. काकांनी त्याचा हात धरला. "थांबा साहेब. पयले दार उघडा, मंग नंबर टाका."