टाळ्यांखाली गेलेलं वाक्य

आर्वीच्या तहसीलसमोर टेबल टाकून मी अर्ज टाइप करत असे. तिथून वर्ध्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिसपर्यंत मला कुणी हात धरून आणलं नाही. आता मी सभा-परिषदांची रेकॉर्डिंग ऐकून अहवाल लिहितो. कापूस परिषदेच्या सचिवांनी माझा मागचा अहवाल स्वतःच्या नावानं छापला होता. तो राग अजून गेलेला नाही. या वेळी शेवटी माझं नाव छापायचं, या अटीवरच काम घेतलं.

परिषदेतल्या चर्चेत वक्ते तीन होते आणि प्रश्न एक. गावांचा कापूस एका शेडमध्ये साठवून एकत्र विकावा का? एक निवृत्त कृषी अधिकारी, एक सिंदीचे, कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले आणि एक आंजीच्या महिला गटाच्या अध्यक्षबाई. सूत्रसंचालन सचिवांचंच. प्रत्येकाचं मत वेगळं मांडायचं, मग कुठे पटलं, कुठे नाही ते लिहायचं. हा सारांश शेड मंजूर करायच्या बैठकीपुढे जाणार होता. त्यात एकमत दिसलं असतं, तर कापूस कधी विकायचा हे यापुढे सचिवांची समिती ठरवणार होती.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं तेव्हा अध्यक्षबाई गेलेल्या होत्या. साधा ताप आला आणि त्यातच गेल्या.

कानाला हेडफोन लावला की बाई माझ्या खोलीत येत. आधी माईकवर बांगड्या वाजत, मग खाकरणं, मग आवाज. कॉम्प्युटरनं काढलेल्या मजकुरात त्यांची अर्धी वाक्यं सचिवांच्या नावावर गेली होती, कारण दोघांत माईक एकच. म्हणून एकेक वाक्य पुन्हा ऐकून ज्याचं त्याला परत द्यावं लागलं. बाई काहीतरी चावत बोलत होत्या, बहुधा सुपारी. गेलेल्या माणसाचं चावणं ऐकत बसणं सोपं नसतं. मी दोनदा उठून दार लावलं. ते लावलेलंच होतं.

अधिकाऱ्यांचं म्हणणं, समितीनं भाव बघून विकावं. जिनिंगवाल्यांचं म्हणणं, साठवू नका, पिवळा पडतो, लगेच विका. आणि बाई म्हणत होत्या, "शेड बांधा, मी पह्यली वीट ठेवतो. पण कापूस कवा इकाचा, हे घरच्या बाईले इचारल्याशिवाय ठरवू नोका. अन् दुसरं असं का..."

तेवढ्यात सचिव म्हणाले, "म्हणजे आपण सगळे सहमत आहोत!" टाळ्या. शाल, नारळ. बाईंचा आवाज टाळ्यांखाली सुरूच होता, पण शब्द लागेनात. आवाज वाढवला, गाळला, हळू चालवला. नुसता सूर येत होता. घरी जेवतानाही तो सूर कानात असायचा.

रागाच्या भरात मी लिहून टाकलं: 'अध्यक्षांचा शेडला विरोध.' सचिवांच्या नाकाला मिरच्या झोंबतील, हे मनात होतं. माझी एक पद्धत आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे तो रेकॉर्डिंगमध्ये कुठे आला ती वेळ लिहायची. त्या ओळीपुढे लिहायला वेळ सापडेना. बाईंनी शेड मागितलंच होतं. विरोध माझा होता. ओळ खोडली.

सहमती दोनच गोष्टींवर होती: ओला कापूस साठवू नये, आणि पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा ठेवावा. शेड हवं यावर अधिकारी आणि बाई एक, जिनिंगवाले वेगळे. विक्री कधी, यावर तिघांची तीन तोंडं. 'सगळे सहमत' हे सूत्रसंचालकाचं वाक्य म्हणून लिहिलं.

मसुदा वाचून सचिव माझ्या ऑफिसात येऊन बसले. "भाऊ, बाई गेली. तिच्या नावानं आता भांडण काऊन लावून राह्यला?"

"भांडण नाई साहेब. मत लावून राह्यलो."

"टाळ्या तर पडल्या ना?"

"टाळ्या वाजवणारे वक्ते नव्हते."

"बरं, 'इतर सूचना'त टाका न जी. कोणाले वाईट नाई वाटणार."

"तिथं कोण वाचते? मतभेदातच राहील. पाह्यजे तर तुमच्या भाषणाची पानं वाढवतो."

"अन् तुमचं नाव?"

कुठे दाबायचं ते माणसाला बरोबर ठाऊक होतं.

"काढा," मी म्हणालो. "पण बाईचा एक शब्द हलवाल, तर रेकॉर्डिंग घेऊन बैठकीत येतो."

सारांश तसाच गेला. शेड मंजूर झालं, विक्रीचा अधिकार समितीला मिळाला नाही. बैठक संपल्यावर गटातल्या एका बाईनं मला गाठलं.

"अहवालात 'दुसरं असं का' लिहून सोडलं. दुसरं काय होतं?"

"ऐकू येत नाई ताई. टाळ्या आहेत."

"तुम्ही इतक्या वेळा ऐकलं, तरी?"

तेवढा भाग लावून मी मोबाइल पुढे केला. तिनं तो कानाशी धरला. ऐकता ऐकता तिचे ओठ हलू लागले, जणू कुणाला हुंकार देत होती. मोबाइल परत देताना ती म्हणाली, "संपलं नाई अजून तिचं."