दाताखालचा दाणा

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा माझं वय बावीस होतं आणि अंगात शहाणपण ओसंडून वाहत होतं. धुळ्याच्या आयटीआयमध्ये मी उपकरण मेकॅनिकचा ट्रेड केलेला. माझे वडील शिंदखेड्याला पोस्टात होते. घराण्यात कारखान्याच्या यंत्रांना हात लावणारी पहिली मीच, म्हणून आईने पेढे वाटले होते. हे सगळं डोक्यात घेऊन मी मिलमध्ये गेले आणि पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने माझ्या हातावर तुरीचा दाणा ठेवला.

"चाव, माय," ते म्हणाले.

ते आमच्या ड्रायरचे ऑपरेटर, नाना. सोनगीरचे. आठवडाभर मिलमागच्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. मी दाणा चावला, तो दाताखाली चपटा झाला. म्हणाले, ओला शे. दुसरा दिला, त्याच्या बारीक कपच्या झाल्या. म्हणाले, जास्त वाळी गया. तिसरा कट् करून दोन फाकांत तुटला. तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

तुरीची डाळ करायची तर आधी सालीला ओरखडे पाडतात, तेल चोळतात, दाणा मुरू देतात, मग पाणी मारून ड्रायरमध्ये वाळवतात. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की माल बाहेर. जास्त ओला राहिला तर साल निघत नाही, रोलरमधून पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि त्यातही दाणा तुटतो. जास्त वाळला तर दाणा ठिसूळ होतो आणि डाळीऐवजी खंडा, म्हणजे तुकडे, आणि चुनी, म्हणजे चुरा पडतो. त्या दहाच्या आकड्यावर मिल चालते. नानांनी तो आकडा तीस वर्षं दातांनी मोजला होता.

मी आले त्याच सुमाराला शेठनी ड्रायरच्या तोंडाशी ओलाव्याचा सेन्सर बसवून घेतला. मालाच्या वाटेत बसवलेली हातभर लांबीची ती चपटी पट्टी. दाण्यात पाणी जितकं जास्त, तितका तिच्यासमोरून जाणारा विजेचा संकेत बदलतो, आणि त्यावरून पडद्यावर टक्के दिसतात. दर मिनिटाला एक नोंद संगणकात जमा होते. या सगळ्याची जबाबदारी माझी. नाना पडद्याकडे बघून हसायचे. "तुनी हाई पट्टीले दात शेत का?" असं मला चिडवायचे. त्यांच्या स्वतःच्या दाढा हलत होत्या. धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी सगळे काढून टाका म्हणून कधीचं सांगितलं होतं. "दात गयात ते मी काय कामना?" म्हणून ते लवंग धरून दिवस काढायचे.

सेन्सर लागून वर्ष होत आलं तेव्हा एका महिन्यात डाळीचा उतारा, म्हणजे क्विंटलभर तुरीमागे निघणारी डाळ, घसरला. खंडा वाढला, चुनी वाढली. मिलच्या मॅनेजर साहेबांनी मला महिन्याचा आलेख काढायला सांगितला. मी मन लावून बसले. आधी फाइल साफ केली. जेवणाच्या सुट्टीत, लाइट गेल्यावर, माल बदलताना वाट रिकामी असते. तेव्हाही सेन्सर काहीबाही आकडे नोंदवत राहतो. ते सगळे मी कचरा म्हणून पुसून टाकले. मग दोन पाळ्यांचे दोन रंग केले.

दुपारच्या पाळीची रेघ दहावर सरळ होती. सकाळची, म्हणजे नानांची, महिनाभर हळूहळू चढत गेली होती. सुरुवातीला दहा, मग साडेदहा, अकरा आणि शेवटी बारा. दुपारचा ऑपरेटर पडदा दहा दाखवेपर्यंत थांबायचा. नाना दाणा चावून माल काढायचे. दोन्ही पाळ्यांचा माल पुढे एकाच टाकीत पडत असल्यामुळे कुणाच्या मालाची डाळ कशी झाली ते वेगळं कळायला मार्गच नव्हता. मी अहवालात लिहिलं, सकाळच्या पाळीत माल ओला काढला जातो. ऑपरेटरचा अंदाज दिवसेंदिवस बिघडत आहे. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

नानांना बोलावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. साहेबांनी आलेख पुढे केला. नानांनी दाताच्या कण्या केल्या. माल बरोबर निघतोय, उलट दुपारचाच जास्त वाळतोय, बघा तरी, असं परत परत सांगत राहिले. साहेब म्हणाले, "नाना, वय झालं. यंत्राला काय तुमच्याशी वैर आहे?" मग नानांनी माझ्याकडे पाहिलं. "माय, तू सांग. तुले काय वाटस?"

मी म्हणाले, "नाना, आकडे खोटं बोलत नाहीत."

त्यांना ड्रायरवरून काढून फाटकापाशी पोती मोजायला बसवलं. दहाएक दिवस ते बसले. मी तिथून जाताना ते हात वर करायचे आणि मीही करायचे. मग एका सुट्टीला गावी गेले ते आलेच नाहीत. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू, पण आपलं चुकलं असं काही वाटलं नाही.

आता सकाळच्या पाळीतही माल पडद्यावर दहा दिसेपर्यंत थांबवायला लागले. उतारा सुधारायला हवा होता, तो आणखी घसरला. एका दुपारी लाइट गेली आणि ड्रायरची वाट पूर्ण रिकामी झाली. पडदा बॅटरीवर चालू होता. मी सहज पाहिलं तर तिथे तीन पूर्णांक दोन. समोर दाणासुद्धा नसताना तीन टक्के ओलावा कुणाचा? बसवला त्या दिवशी रिकाम्या वाटेचा आकडा एक होता, माझ्याच वहीत लिहिलेला.

मी धावत जाऊन मूळ फाइल उघडली आणि पुसून टाकलेला कचरा परत आणला. फक्त रिकाम्या वेळच्या नोंदी वेगळ्या काढून तारखेप्रमाणे मांडल्या. महिन्याच्या सुरुवातीला एक, मग दीड, दोन, अडीच, तीन. नानांच्या रेघेची चढण आणि ही चढण एकावर एक ठेवली तर तंतोतंत बसत होती. अंदाज दिवसेंदिवस बिघडत होता तो सेन्सरचा. पुरावा माझ्याच फाइलमध्ये होता आणि मीच तो पुसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

साहेबांना सांगून माल थांबवला आणि पट्टी बाहेर काढली. तिच्या तोंडावर तपकिरी, चिकट थर बसला होता. त्या मोसमातली तूर साल सोडत नव्हती म्हणून आम्ही तेल वाढवलं होतं. तेल आणि सालीची भुकटी मिळून त्याचा लेप झाला होता, आणि तो लेप ओल धरून बसला होता. दर आठवड्याला मी कॉम्प्रेसरच्या हवेचा फवारा मारून यादीत 'स्वच्छ' अशी खूण करत होते. हवेने सुकी धूळ उडते, तेलकट थर हलत नाही. पट्टीच्या अचूकतेचा दाखला अजून मुदतीत होता, म्हणून मीही निर्धास्त होते. मी साबणाच्या पाण्याने फडकं भिजवून थर पुसला, पट्टी कोरडी केली आणि परत बसवली. रिकाम्या वाटेचा आकडा एकवर आला.

तरी एवढ्यावर थांबता येत नव्हतं. रिकाम्या वाटेवर सेन्सर सरकला म्हणून भरल्या वाटेवरही तो तेवढाच सरकला असेल असं धरून चालत नाही. आमच्याकडे प्रत्येक घाणीचा, म्हणजे एका वेळी वाळवलेल्या मालाचा नमुना हवाबंद डब्यात ठेवतात. मी त्या महिन्याचे डबे काढले. दाणे दळायचे, वजन करायचं, ते पीठ भट्टीत ठरलेला वेळ तापवायचं, थंड करून पुन्हा वजन. जेवढं घटलं तेवढं पाणी. तीन दिवस मी हेच करत होते. महिनाअखेरच्या डब्यांत दुपारच्या पाळीचा माल आठ टक्क्यांवर होता, दाताखाली कपच्या होणारा. नानांचे डबे पहिल्यापासून शेवटपर्यंत दहाला चिकटून होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर वळून देणारी मी होते. नवा आलेख घेऊन मी शेठकडे गेले. शेठ माणूस बरा. कागद बघून म्हणाले, "नानांना घेऊन ये. ड्रायर त्यांचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारोळामार्गे धुळ्याची एसटी धरली आणि तिथून सोनगीरला गेले. पर्समध्ये दोन्ही आलेख होते आणि आदल्या दिवशीच्या मालातली मूठभर तूर पुडीत बांधून घेतली होती. नव्याने पुसलेल्या सेन्सरवर दहा दाखवणारी. नानांनी चावून हो म्हणावं अशी माझी हौस होती. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होते.

नाना ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण मला तो ओळखू येईना. गाल आत गेले होते, ओठ आत वळले होते.

"तू कशी उनी, माय? बैस. चहा लेस ना?"

मी बसलेच नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. थर, रिकामी वाट, डबे. कागद त्यांच्या मांडीवर पसरले. मी म्हणाले, नाना, तुमचा माल महिनाभर बरोबर होता, चूक सेन्सरची होती. माझी होती. शेठ तुम्हाला बोलावताहेत.

नानांनी स्वतःच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे मना दात बरोबर व्हतात."

"हो, नाना."

"माले वाटनं दात झूट बोलाले लागनात." ते बोलताना शब्द ओठांत अडकत होते. "तू बी सांगं व्हतं ना, आकडा खोटं बोलत नहीत. मंग कसाले ठेवाना? धुळाले गऊ नि बठ्ठा दात काढी टाकात."

खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलच्या वाटीत पाण्यात कवळी ठेवलेली होती. मला तेव्हा दिसली.

मी काय करावं ते न कळून पुडी सोडली. नानांनी सवयीने त्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. या बाजूने त्या बाजूला फिरवला, हिरड्यांवर दाबला, डोळे मिटून थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी तो अख्खा दाणा तळहातावर काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"माले काय कळत नही आते," ते म्हणाले. "तूच चाव, माय."