चौदा पानं

मोठ्या जाऊबाईंबद्दल लिहायचं म्हणजे जरा अवघडच. रोजच्या वहीत त्यांचं नाव येतंच, पण बहुतेक वेळा भाजी कुणी चिरली आणि कपडे कुणी आत घेतले एवढ्यापुरतं. आज मंगळवारचं सगळं लिहून ठेवते. प्रार्थनेला बसले तरी मन तिथेच जातं.

जाऊबाई एकसष्ट वर्षांच्या. भाऊजी गेल्यापासून वरच्या खोलीत एकट्या राहतात, जेवायला खाली येतात. गेली सव्वीस वर्षं छापखान्याची मुद्रितं तपासतात. घरात सगळे त्यांना मागून ‘चष्मेबहाद्दर’ म्हणतात, कारण त्यांना किराण्याच्या पुडीवरची चूकसुद्धा सहन होत नाही. मागे एकदा लग्नाच्या पत्रिकेत चूक दाखवली, तर नवरीचे मामा दोन वर्षं बोलले नाहीत.

पण सहा महिन्यांपासून डोळे दगा देत होते, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं. छापखान्याच्या मालकांनी एकदा फोनवर सरळ सांगितलं होतं की नजर साथ देत नसेल तर लाजू नका, काम दुसरीकडे देईन. त्या दिवसापासून जाऊबाई अक्षर मोठं करून, पडद्याला नाक लावून बसायच्या. हे काम सुटलं तर त्या दिवसभर वरच्या खोलीत करणार काय, हा विचार त्यांनी एकदाच माझ्यापुढे बोलून दाखवला आणि लगेच चहा मागितला.

यावेळी काम होतं एका निवृत्त डॉक्टरांच्या लेखाचं. भाजणं, विषबाधा, बुडणं, अशा वेळी घरच्यांनी काय करावं, बत्तीस पानं. लेख संगणकावरच्या जुन्या पद्धतीच्या टायपातून नव्यात आणताना सगळे प्रत्यय तुटून पडले होते. ‘रुग्णा ला’, ‘भागा वर’, ‘पाण्या ने’, ‘घरा मध्ये च’. कुठे उलट, दोन स्वतंत्र शब्द एकमेकांना चिकटलेले. जाऊबाईंनी अठरा पानं एकेक ओळ वाचून दुरुस्त करून पाठवली. चौदा राहिली.

मंगळवारी सकाळी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या गेल्या आणि दहा मिनिटांत मालकांचा फोन आला. उरलेली पानं दोनच्या आत हवीत, पाच वाजता यंत्रावर चढवायची आहेत. जाऊबाई कुठे आहेत विचारलं. मी म्हटलं, अंघोळीला. देवाने मला क्षमा करावी.

मग मी वर गेले. भाचीने एकदा मला शिकवलं होतं की संगणकाला एक शब्द दाखवून तो सगळीकडे एकदम बदलता येतो. मी विचार केला, मोकळी जागा आणि ‘ला’ दिसलं की मोकळी जागा काढ. मग ‘वर’, मग ‘ने’, मग ‘चा’, ‘ची’, ‘चे’, आणि ‘त’. प्रत्येक वेळी खाली आकडा यायचा, इतके बदल झाले म्हणून. मला तर देवच पावला असं वाटलं. पहिल्या पानाच्या चार ओळी पाहिल्या, ‘रुग्णाला’ छान जुळलं होतं. मी पानं जपून ठेवली आणि छापखान्याला पाठवूनही दिली.

जाऊबाई अकराला आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नाही. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, तुमचं काम मी केलं. त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “कुठलंही पान वाच.”

मी वाचू लागले. तिसऱ्या ओळीला जीभ अडकली. ‘त्वचालाल झाल्यास.’ पुढे ‘साठवर्षांवरील’. पुढे ‘रुग्णाचाचेहरा’. मग ‘रुग्णालयातनेताना’. मग ‘डोकेवर ठेवा’. जे शब्द ‘ला’ने, ‘वर’ने, ‘त’ने सुरू होत होते ते सगळे मी मागच्या शब्दाला नेऊन चिकटवले होते. मूळ फाईलवरच.

जाऊबाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले. त्यांनी फक्त विचारलं, विषबाधेचं पान कोणतं. ते उघडलं. औषधाच्या प्रमाणाच्या ओळीचा एक लांबलचक गुंता झाला होता. घरात मूल निपचित पडलेलं असताना कुणी हे वाचत बसेल, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

छापखान्यात कुणी फोन उचलेना. यंत्राच्या आवाजात ऐकूच जात नसणार. मी त्यांचा हात धरून निघाले. रस्ता ओलांडताना त्या माझ्या बोटांना इतक्या घट्ट धरून होत्या की नखं रुतली. वाटेत मी म्हटलं, ताई, चूक माझी, मीच सांगते. त्या म्हणाल्या, “पानं माझ्या नावाने गेली. तू गप्प बस.”

छापखान्यात शाईचा आणि गरम कागदाचा वास. मालक पडद्यापुढे बसून आमचीच पानं जुळवत होते. जाऊबाई काळा चष्मा लावूनच त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. चौदा पानं बिघडली आहेत, ती थांबवा, तुमच्याकडची मूळ फाईल मला द्या आणि पाचपर्यंत वेळ द्या, असं त्यांनी सांगितलं. मालकांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्या चष्म्याकडे.

“दिसतंय का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“आज नाही. ही वाचेल.”

मी तिथेच वितळून गेले असते तर बरं झालं असतं. मालक उठले आणि त्यांनी खुर्ची मोकळी केली.

मग सुरू झालं. मी ओळ वाचायची, तुटलं असेल तिथे थांबायचं. “भागा, मोकळी जागा, वर.” त्या म्हणायच्या, जोड. “डोके, मोकळी जागा, वर.” सोड. त्यांनी समजावलं, ‘भाग’चा ‘भागा’ झालाय, म्हणजे मागचा शब्द प्रत्ययासाठी बदललाय, म्हणून जोड. ‘डोके’ जसंच्या तसं आहे, म्हणून ‘वर’ स्वतंत्र. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात “आई, मोकळी जागा, वर” आलं. मी सोडून पुढे निघाले, तर त्यांनी मनगट धरलं. आई बदलतच नाही, तिथे पूर्ण वाक्य वाचायचं. मी वाचलं: लहान मुलाच्या आई वर ओरडू नये. जोड, त्या म्हणाल्या.

घसा कोरडा पडला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायची हिंमत नव्हती. मनात नामस्मरण चालू होतं आणि तोंडात ‘पोटा, मोकळी जागा, त’. मालक मागे येऊन उभे राहायचे, तेव्हा माझं वाचन चुकायचं आणि जाऊबाई न बघता म्हणायच्या, परत. औषधाच्या प्रमाणाची ओळ त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. पाचव्यांदा मालकांनी स्वतः वाचली.

चौदावं पान संपलं तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मालकांनी यंत्रावरच्या माणसाला हाताने खूण केली. यंत्र सुरू झालं, जमीन हलू लागली. जाऊबाई तशाच बसून होत्या, हात मांडीवर. मला वाटलं, आता मालक म्हणणार, काम बंद, आणि जाऊबाई उद्यापासून दिवसभर वरच्या खोलीत.

मालक म्हणाले, “डोळ्यांचं मला आधी सांगायला हवं होतं.”

जाऊबाईंनी मान हलवली. सबब सांगितली नाही. मालकांनी सांगितलं की यापुढे घरी काहीच पाठवणार नाहीत. काम इथे बसून करायचं, आणि एकटीने नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, आठवड्यातून तीन दिवस जमेल का.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. काळ्या चष्म्याआड काही कळत नव्हतं. मी हो म्हटलं.

उद्या पहिला दिवस. डबे भरून ठेवलेत, दोन. मला अजून भीती वाटतेय, मंगळवारच्या भीतीहून वेगळी नाही. मगाशी त्या वरून खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “धाकटे, लवकर झोप. उद्या आवाज मोकळा हवा.”