सातव्या चौकटीतली गोलकीपर

शाळेच्या समुपदेशक ताईंनी पालकांसाठी इन्स्टाग्रामवर टाकायच्या सहा चौकटी केल्या होत्या. लाल रंग नाही, उद्गारचिन्ह नाही. पोरांचं खातं खाजगी ठेवा, लोकेशन बंद करा. अनोळखी माणसाने फोटो मागितला तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक आणि रिपोर्ट करा. पोरांनी सांगितलं तर फोन हिसकावू नका, आधी ऐका. झोपताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आईबापांचेसुद्धा.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे कोण वाचणार? एखादी खरी गोष्ट टाका, म्हणजे डोळे उघडतील."

"भीती घातली की पोरं सांगायची थांबतात, बाई."

"मग भीती नका घालू. गोष्ट तर सांगा!"

दहा वर्षं कुणीच न वाचलेली पत्रकं चिकटवत आलेल्या ताई. त्यांना मोह झाला. सातवी चौकट आली: आपल्या शाळेच्या फुटबॉल संघात गोल राखणारी धीट मुलगी; तिलाही एकाने महिनाभर गोड बोलून फोटो मागितला. मुलीने हे ताईंना विश्वासाने सांगितलं होतं. चौकटीत नाव नव्हतं. धीट पोरंही फसतात, एवढंच सांगायचं होतं. पण संघात गोलकीपर असतात किती? एक!

दुपारपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर बोभाटा झाला. कुणीतरी लिहिलं, "गोल अडवला की सोडला?" ताईंनी चौकट काढून टाकली. पण स्क्रीनशॉट गावभर झाले होते. बूंद से गई वो हौद से नहीं आती, हे पालकांना शिकवणाऱ्या बाईला कुणी शिकवायचं?

शाळा सुटल्यावर मुलगी ताईंच्या खोलीत आली. बसली नाही.

"त्याने निदान विचारून मागितलं होतं, ताई. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत."

ताईंनी सारवासारव केली नाही. "चुकलंच माझं," म्हणाल्या. मुलीच्या मुठीत फोन घट्ट होता. सारखी पडद्याकडे बघत होती. ताईंनी विचारलं,

"तो परत आलाय का? नव्या खात्यावरून?"

"सांगितलं तर आठवी चौकट होणार?"

ताई खुर्चीतून उठल्या, म्हणाल्या, "मला नको सांगूस. आईला बोलावते, तिला सांग. मी बाहेर थांबते."

आई धावतपळत आली, घामाघूम. दारात ताईंनी तिला एवढंच म्हटलं, "फोन हिसकावू नका. आधी ऐका."

"तुम्ही सांगताय?" आई फणकारली आणि दार लावून घेतलं.

दाराच्या काचेतून दोघी बसलेल्या दिसत होत्या, आवाज येत नव्हता. मुलीने फोन पुढे केला. आईचा हात झपकन वर आला. हात हवेतच थांबला, मग खाली येऊन मांडीवर दुसऱ्या हातात अडकला. मुलगी बोलू लागली. ताईंची स्वतःची खुर्ची आतच होती. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.