मूळ तारखेपासून अकरा महिने

माझी प्रोफाइल परत आली तेव्हा मी दादरच्या ऑफिसात डबा खात होते. परत म्हणजे खरोखरच परत. लालबागमधल्या एका चाळीच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः दोन जिने चढून आले आणि माझ्या कामाची माहिती देणारी इंग्रजीतली दोन पानं त्यांनी माझ्या डब्याशेजारी ठेवली. चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. रहिवाशांच्या बाजूने बांधकामावर देखरेख करायला तीन कंपन्यांनी अर्ज केले होते. त्यातली एक आमची, आणि प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नाव माझं.

"मॅडम, रविवारी सभेत तिन्ही कंपन्यांचं मोठ्याने वाचणार, मग हात वर," ते म्हणाले. "हे मी घरी वाचून बघितलं. बायको म्हणाली, औषधाच्या खोक्यातला कागद वाचताय काय? मराठीत द्या. एकच पान. काय केलंत, किती खर्चात आणि किती वेळात, बस."

मी हसून हो म्हटलं आणि ते गेल्यावर वैतागले. वीस वर्षं उन्हात साइटवर घासलेली बाई मी, आता काय निबंध लिहू? पण वैतागायचीही सोय नव्हती. सोमवारीच आमच्या सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "हे काम आलं तर त्यावर तू. नाही आलं तर पुढच्या महिन्यापासून तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही." वय सेहेचाळीस. या वयाच्या बाईला साइटवर नव्याने कोण घेतंय?

शनिवारी सकाळी लिहायला बसले. कामाची पद्धत सोपी निघाली. इंग्रजीत मी चार भारी शब्द लिहिले होते. मराठीत झालं ते असं: 'दर सोमवारी साइटवर बसून पुढच्या तीन आठवड्यांत काय अडेल ते शोधते आणि अडायच्या आधी सोडवते. जे आठवड्यात झालं नाही, त्याचं कारण लिहून ठेवते.' मलाच बरं वाटलं, अरे, हे तर मी करतेच की! खर्चाचंही जमलं. इंग्रजीत ०.९७ असा आकडा होता. मराठीत लिहिलं, 'शंभर रुपयांच्या कामाला एकशे तीन लागले, कारण पाया खणताना खडक लागला.' प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटचं एका ओळीत झालं: 'परीक्षा देऊन मिळालं, दर तीन वर्षांनी शिकलेले तास दाखवून टिकवावं लागतं, माझं चालू आहे.'

मग आलं वेळापत्रक. इंग्रजीत मी रुबाबात लिहिलं होतं: शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स, १.०. म्हणजे जितकं काम व्हायला हवं होतं तितकं झालं. आता हे मराठीत काय लिहू? 'वेळेत झालं'? पेन हातातच राहिलं. कारण काम एकदा पूर्ण झालं की तो आकडा एकावरच येतो, मग दोन वर्षं उशीर का झालेला असेना. सगळं काम झालेलं असतं, दुसरा आकडा येणारच कुठून? हे मला पाठ होतं. आणि पाठ असूनही मी तो दिमाखात छापला होता, कारण इंग्रजीत कोणी विचारत नाही.

माझी मागची इमारत तीस महिन्यांत द्यायची होती. दिली एकेचाळिसाव्या महिन्यात. जास्तीच्या अकरा महिन्यांपैकी सात परवानग्यांचे नियम मध्येच बदलले म्हणून गेले. उरलेले चार माझे. मी लिफ्टची ऑर्डर उशिरा काढली. रंग लागला, नळाला पाणी आलं, पण लिफ्ट नाही म्हणून अग्निशमनचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून राहायला जायची परवानगी नाही. साठ कुटुंबं चार महिने जास्त भाड्याच्या खोल्यांत राहिली. माझ्यामुळे. हे मी कधीच कुठे लिहिलं नव्हतं.

लिहिलं.

सरांनी पान वाचलं आणि चष्मा काढला. "डोकं फिरलंय का तुझं? सुधारित वेळापत्रक होतं ना आपलं, एकेचाळीस महिन्यांचं? मग 'सुधारित वेळापत्रकानुसार वेळेत' लिही. खोटंही नाही."

"सर, ते सेक्रेटरी टाइमकीपर होते. बसडेपोत."

"मग?"

"त्यांनी 'कुठलं वेळापत्रक' विचारलं तर मी काय सांगू?"

सरांनी पान माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "नोकरी तुझी आहे. बघ बाई." मी पान सेक्रेटरींना पाठवलं. परत मागवावं असं दहादा वाटलं.

रविवारी चाळीच्या तळमजल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये सभा. सरही आले होते. पहिल्या कंपनीचं पान वाचलं, सगळी कामं वेळेत. दुसरीचंही तसंच. दोन्ही कंपन्यांच्या माणसांना सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला, "मूळ तारखेपासून मोजलंत की बदललेल्या?" पहिला म्हणाला, बघून कळवतो. दुसरा हसला आणि म्हणाला, इंडस्ट्रीत असंच मोजतात. मग माझं पान वाचायला घेतलं. 'चार महिने माझ्या चुकीने' हे शब्द माईकवरून ऐकले आणि मला उठून पळावंसं वाटलं.

एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. "आणि हे तुम्ही लिहून देताय? आमचंही असंच नाही करणार कशावरून?"

मी उभी राहिले. आवाज चिरकला. "लिफ्टची ऑर्डर आता पाचवा स्लॅब ओततानाच जाते, शेवटी नाही. आणि दर महिन्याला इथे येऊन मूळ तारखेपासून किती मागे आहोत ते सांगेन. याहून जास्त खात्री माझ्याकडे नाही." गृहस्थ बसले. समाधान झालं म्हणून की कंटाळून, कोण जाणे.

चव्वेचाळीसपैकी सव्वीस हात माझ्यासाठी वर आले. सरांनी पाठ थोपटली. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. सेक्रेटरींनी लगेच ठराव लिहायला घेतला: टॉवरसाठी ठरलेली छत्तीस महिन्यांची मूळ तारीखच धरायची, बदललेली चालणार नाही. सरांचा चेहरा पडला. मी सही केली.

निघताना पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मनगट धरलं. "छत्तीस म्हयने म्हणतत. खरा काय ता सांग गो बाय. मी एकोणऐंशीची."

नोकरी गेली असती तर गेली असती, दुसरीकडे वणवण केली असती. इथे मात्र पणाला आजींची वर्षं होती. "आजी, सगळं नीट झालं तर छत्तीस," मी म्हटलं. "तुम्ही बेचाळीस धरा."

त्यांनी मनगट सोडलं आणि ओठ हलवत बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसरा घेतला. मी तिथेच उभी राहिले, आकडा कमी करून सांगावा असं फार वाटत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरा." मग काठी टेकत त्या चहाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.