जानोशावरचा फोन

माझ्या भाचीचं लग्न सुलतानपूरला होतं आणि वऱ्हाड येणार होतं सोनाळ्याहून. सातपुड्याच्या पायथ्यापासून लोणार तालुक्यापर्यंतचा रस्ता, म्हणून वऱ्हाडी मंडळी आदल्या संध्याकाळीच आली. त्यांचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, आम्ही मेहकरच्या एका लॉजमध्ये ठेवला होता. दुसरा मजला पूर्ण घेतला होता आणि भाडं आगाऊ रोख भरून टाकलं होतं. वरपक्षाच्या दिमतीला मुलीकडचं एक तरी माणूस जानोशावर राहायला हवं, असा आमच्याकडे रिवाज आहे. ते माणूस मी. मला कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक लग्नात पाणी, गाद्या, चहा आणि हरवलेल्या चपला हे खातं माझ्याकडेच असतं आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाकडे गेलेलं मला आवडतही नाही.

पुरुष एका बाजूच्या खोल्यांत, बायका समोरच्या बाजूला, अशी व्यवस्था केली. पुरुषांच्या खोल्यांमध्ये भिंतीला एकच प्लग, तोही डास मारायच्या यंत्राने अडवलेला. मोबाइल चार्ज करण्यावरून तिथे भांडण होणार हे मला बसमधून माणसं उतरतानाच दिसलं. मी घरून लांब वायरीचा बोर्ड आणला होता. सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं आणि आमच्या खोलीत रांगेने लावून ठेवले. तेव्हा बहुतेकांकडे बटणांचे साधे मोबाइल होते आणि अर्धे एकसारखेच दिसायचे.

माझ्या खोलीत नवरदेवाच्या मोठ्या काकू होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला एक नंबर. आडवं पडायच्या आत त्यांनी मला घरची सगळी हकिकत सांगितली. वडील गेल्यावर नवरदेवाला काकाजींनीच, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानेच, शिकवलं. आणि यंदा संत्र्याचा बगीचा चांगला गेला, व्यापाऱ्याचे पैसे नुकतेच बँकेत आले.

"उन्हाळ्यात बोअर मारतो म्हणते," काकू म्हणाल्या. "त्या पैशाले हात लावू देत नाई कोणाले. म्या एक साडी म्हटली त म्हणे, बगीचा वाळला त साडी नेसून पाणी घालशीन का!"

काकाजी मला संध्याकाळपासून जरा कडकच वाटले होते. चहा घेतला तो उभ्यानेच, आणि "ठीक हाये" एवढंच म्हणाले. माझी बहीण फोनवर सारखी विचारत होती, "त्यांना काही कमी पडत नाही ना? मोठे काका रागावले तर नाहीत?" मुलगी त्या घरात जाणार, आणि आम्ही त्या माणसांना भेटलो होतो फक्त दोनदा. मी तिला सांगितलं की झोप, सगळं व्यवस्थित आहे.

मध्यरात्र उलटून गेली होती. सगळा मजला घोरत होता. समोरच्या बाजूला कुठल्या तरी खोलीतला लॉजचा फोन वाजला, बंद झाला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या खोलीतला वाजला. मला वाटलं, कुणीतरी खाली पाणी मागितलं असेल आणि खालचा माणूस विचारत असेल. थोड्या वेळाने आमच्या दारावर बोटाने टकटक झाली. दार उघडलं तर काकाजी. बनियन, धोतर, डोक्याला मफलर.

"बाई, माहा मोबाइल द्या जरासा."

"आत्ता? काही झालं का काकाजी? बरं नाही वाटत का?"

"बरं हाये. गावाकडून मेसेज येणार हाये."

मध्यरात्री गावाकडून मेसेज पाठवणारा कोण, असा विचार करत मी बोर्डाकडे वळले. तेवढ्यात त्यांच्याच मोबाइलचा दिवा लागला आणि तो टुणकन वाजला. कुणाचा वाजला ते पाहायला मी बटण दाबलं आणि मेसेजच उघडला. दुसऱ्याचा मेसेज वाचू नये हे मला कळतं, पण वाचून झाल्यावर कळून काय उपयोग. तो बँकेचा होता. काकाजींच्या कार्डावरून चाळीस हजारांची खरेदी, ती पुरी करण्यासाठीचे सहा आकडे, आणि शेवटी एक ओळ: हे आकडे कोणालाही सांगू नका.

"काकाजी, या वेळेला चाळीस हजारांचं काय घेता?"

मागून काकू उठून बसल्या.

"काय घेते? काऊन हो, काय घेऊन राह्यले?"

"तू झोप वं!" काकाजी दबक्या आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "बाई, तुमाले सांगणारच नव्हतो. लॉजवाल्याचा फोन हाये. कार्ड चाललं नाई म्हणते, पैसे जमा झाले नाई. सकाळच्या आत भरले नाई त खोल्या खाली करा म्हणते. मी म्हटलं, तुमच्या माणसाईले लग्नाच्या दिवशी कायले खाली पाहाले लावू? म्या माह्या कार्डाचा नंबर सांगून टाकला. आता मेसेजमधले आकडे मांगून राह्यला, मंग झालं."

फोनवरचा माणूस म्हणाला होता की तुमचं कार्ड चाललं नाही. काकाजींनी 'तुमचं' म्हणजे मुलीकडच्यांचं असं धरलं होतं. आमची फजिती झाकायला ते गुपचूप आमचं भाडं भरायला निघाले होते, आणि म्हणूनच त्यांनी शेजारी झोपलेल्या एकालाही उठवलं नव्हतं.

"काकाजी, आम्ही कार्ड दिलंच नाही. सगळे पैसे रोख भरलेत. पावती माझ्याजवळ आहे."

"मंग तो कोण हाये?"

"त्यालाच विचारू. अजून लाइनवर आहे का?"

"हाव. फोन ठेवू नका म्हणे."

मोबाइल मुठीत घट्ट धरून मी पुरुषांच्या खोलीत गेले. मागे काकाजी, त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेत काकू. तीन माणसं घोरत होती आणि टेबलावर रिसिव्हर आडवा पडला होता. तो कानाला लावला. पलीकडचा आवाज गोड होता, हिंदीत.

"हां सर, मेसेज आया?"

"मी मॅडम बोलते. तुम्ही खालच्या काउंटरवरूनच बोलता ना?"

"जी मॅडम, रिसेप्शन से."

"छान. मग मी कार्ड घेऊन खालीच येते. दोन जिने तर उतरायचेत."

"नहीं मॅडम, नीचे मत आइए! सिस्टम बंद हो जाएगा. आप बस नंबर पढ़ दीजिए."

"सिस्टीम बंद होऊ द्या. मी मेणबत्ती घेऊन येते."

त्याचा गोडवा तिथे संपला. नंबर दिला नाही तर पोलीस येतील, म्हणाला. मी म्हटलं, येऊ द्या, त्यांनाही चहा सांगते. पलीकडून खट्ट झालं.

लगेच मी त्याच फोनवरून शून्य दाबून काउंटरला लावला. खालचा माणूस, चांगला पन्नाशीचा, झोपेतून दचकून उठला. त्याने कुठल्याच खोलीत फोन केला नव्हता. बाहेरून फोन आला होता, 'मालकांच्या ओळखीचे आहोत, अमुक खोलीला जोडा' असं फोन करणारा म्हणाला, आणि याने जोडून दिला. तीन खोल्यांना जोडून दिला. दोन ठिकाणी घोरण्यापुढे घंटी ऐकूच गेली नाही. मी त्याला सांगितलं की आता सकाळपर्यंत बाहेरचा एकही फोन वर जोडायचा नाही, मंत्र्याचा आला तरी. आणि त्या दोन खोल्यांतल्या माणसांना मी स्वतः जागं करून विचारलं. एकाने कूस बदलत "चहा नको" म्हटलं. म्हणजे तिकडे काही गेलं नव्हतं.

काकाजी मात्र खाटेच्या कडेला बसले होते आणि कार्ड उलटंसुलटं करून बघत होते. "संत्र्याचे पैसे हाये त्याच्यात. सारे."

"मेसेजमधले आकडे सांगितले नाहीत ना?"

"मोबाइल तुमच्यापाशी होता, कुठून सांगू? बाकी सारं सांगतलं. समोरचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे बी."

"मग कार्ड लगेच बंद करायचं. आकड्यांशिवाय तो अडला असेल, पण थांबायचं कशाला."

कार्डाच्या मागे बँकेचा मदतीचा नंबर छापलेला असतो आणि तो रात्रभर चालू असतो. तो मी काकाजींच्याच मोबाइलवरून लावला. पलीकडच्या मुलीने मराठीत सांगितलं, खातेदारांशी बोलायचंय. मी स्पीकर लावून मोबाइल काकाजींच्या हातात दिला. तिने त्यांची जन्मतारीख विचारली आणि काकाजी ताठ झाले.

"तुले काऊन पाह्यजे?"

ती म्हणाली, ओळख पटवायला.

"पयले तू तुही ओळख पटव. मघाशी एकाले सारं सांगून बसलो, आता मी माह्या बापाचं नाव बी सांगत नाई!"

काकूंनी तोंडात पदर धरला. मी समजावलं, की मघाशी त्याने आपल्याला फोन केला होता, आता आपण कार्डावरचा नंबर लावलाय. आणि ही मुलगी ते मागचे तीन आकडे किंवा मेसेजमधले आकडे विचारणारच नाही, विचारले तर खुशाल फोन ठेवा. काकाजींनी तिलाच विचारलं, "विचारशीन का?" ती हसली, म्हणाली, नाही काका, कधीच नाही. तेव्हा जन्मतारीख मिळाली. कार्ड बंद झालं. नवं टपालाने येईल म्हणाली. मग काकाजींनी खोल आवाजात विचारलं, "पैसे?" ती म्हणाली, आहेत तसे आहेत. खात्यातून काही गेलेलं नाही.

काकाजींनी मफलर काढला, तोंड पुसलं. मी काउंटरला चहा सांगितला. या वेळेला दूध नाही म्हणाला. मी म्हटलं, तीन खोल्यांना फोन जोडलात, आता एक दूधवाल्याला जोडा. कुठून तरी आणलं त्याने.

चहा घेता घेता काकूंना कंठ फुटला. "म्या साडीले पैसे मांगतले त पाणी घालशीन का म्हणते, अन् इथं अख्खा लॉज इकत घेऊन राह्यले होते!"

"तू चूप. पोरीकडची इज्जत ते आता आपलीच इज्जत हाये." मग माझ्याकडे वळून, "बाई, हे कोणाले सांगू नोका. लोक म्हणतीन, म्हातारा येडा झाला."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

सकाळी माझी बहीण हळदीच्या हाताने जानोशावर आली आणि मला जिन्यातच गाठलं. "रात्री काही बोलले का मोठे काका? पोरीला नीट वागवतील ना गं?"

मी शब्द दिला होता. म्हणून एवढंच म्हटलं, "पोरीची काळजी करू नकोस. आता त्यांच्याकडे पाहिलंस तर तुला कळेल." पण ती माझ्या पुढे धावत वर गेली, आणि मी खाली चहा सांगून पोचले तेव्हा ती काकाजींच्या पायांवर डोकं ठेवत होती, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. काकाजी ओशाळून भिंतीकडे सरकत होते.

"बाईंनी सांगतलं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"बाई बिचाऱ्या कायले सांगतीन," काकू म्हणाल्या. "म्या सांगतलं. पण जास्त नाई, पाणी तापवाले बसलो होतो त तेवढ्याच जणीले."

म्हणजे सगळ्या वऱ्हाडाला. काकाजींनी कपाळाला हात लावला आणि मग तेही हसायला लागले.